चुकीच्या अक्षावरचे रेसिड्युअल

पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये एकच प्रश्न होता. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला `cars` हा डेटासेट घ्या, गाडीच्या वेगावरून ती थांबायला किती अंतर लागेल याचं लिनियर रिग्रेशन बसवा, रेसिड्युअलचा प्लॉट काढा आणि मॉडेल पटतं का ते कारणांसह लिहा. मला वाटलं होतं, तासाभराचं काम आहे. चार दिवस लागले. त्यातले दोन दिवस एका अशा आलेखापुढे गेले, जो मी काढायलाच नको होता. त्या आलेखाबद्दल सविस्तर सांगते, कारण माझ्या वर्गातल्या निम्म्या जणांनी तोच आलेख काढला होता आणि बहुतेकांना त्यात काही चुकलंय हे कळलंच नव्हतं.

डेटा छोटा आहे. 50 ओळी आणि दोन स्तंभ: `speed` म्हणजे वेग, मैल प्रतितासात, आणि `dist` म्हणजे थांबायला लागलेलं अंतर, फुटांत. `?cars` टाइप केलं की मदतीच्या पानावर लिहिलेलं दिसतं की या नोंदी 1920च्या दशकातल्या आहेत. म्हणजे सर्वांत वेगवान गाडी 25 मैल प्रतितासावर आहे. हे मी वहीत आधीच लिहून ठेवलं, आणि शेवटी ते कामाला आलं.

रिग्रेशन बसवायला एक ओळ पुरते:

```r
fit <- lm(dist ~ speed, data = cars)
summary(fit)
```

लाटेसारख्या चिन्हाच्या डावीकडे ज्याचा अंदाज करायचाय ते, उजवीकडे ज्यावरून करायचाय ते. पहिल्यांदा मी ते उलटं लिहिलं होतं, `speed ~ dist`. वाईट भाग असा की त्यातही, संबंध निव्वळ योगायोग वाटत नाही हे दाखवणारे, भरपूर तारे आले आणि मॉडेल एकूण फरकाचा किती हिस्सा समजावतं ते सांगणारं आर-स्क्वेअर्ड 0.6511 आलं. सरळ लिहिल्यावरही नेमकं तेवढंच येतं, कारण एकच व्हेरिएबल असताना आर-स्क्वेअर्ड म्हणजे दोघांमधल्या कोरिलेशनचा वर्ग, आणि त्याला दिशा नसते. चूक कळली ती चित्रावरून. `plot(cars)` काढून त्यावर `abline(fit)` दिलं, तर रेषा बिंदूंच्या ढगातून जाण्याऐवजी तळाशी जवळजवळ आडवी पडली. तेव्हापासून बसवलेली रेषा डेटावर काढून पाहिल्याशिवाय मी `summary` वाचत नाही.

सरळ केल्यावर हे आलं:

```
            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -17.5791     6.7584  -2.601   0.0123 *
speed         3.9324     0.4155   9.464 1.49e-12 ***
```

वेग एका मैलाने वाढला की थांबण्याचं अंतर सरासरी 3.93 फुटांनी वाढतं. रेसिड्युअल स्टँडर्ड एरर 15.38 फूट. हे वाचायला वर्गात शिकवलं होतं. इंटरसेप्टपाशी मात्र मी अडखळले. उभी गाडी थांबायला उणे साडेसतरा फूट? तिथे डेटाच नाही, म्हणून इंटरसेप्टला अर्थ द्यायचा नसतो, असं मी लिहून टाकलं. पण वेग 4 असलेल्या दोन ओळी डेटात आहेत, आणि तिथे मॉडेल सांगतं −17.579 + 3.932 × 4, म्हणजे उणे 1.85 फूट. हे डेटाच्या आतलंच आहे, त्यामुळे ती पळवाट इथे चालत नाही. त्या आकड्याला मी पेन्सिलने गोल केला आणि पुढे गेले.

आता रेसिड्युअल. रेसिड्युअल म्हणजे प्रत्यक्ष अंतर वजा मॉडेलने सांगितलेलं अंतर. उभ्या अक्षावर ते घ्यायचे हे माहीत होतं. आडव्या अक्षावर काय घ्यायचं याचा मी फारसा विचार केला नाही. अंदाज अंतराचा होता, म्हणून मी अंतर घेतलं:

```r
plot(cars$dist, resid(fit))
abline(h = 0)
```

बिंदू डावीकडे खालून उजवीकडे वर स्पष्ट चढत गेलेले दिसले. नजरेचा भास नको म्हणून मोजलं. अंतर 20 फूट किंवा कमी असलेले दहा बिंदू आहेत, त्यातले सात शून्याच्या रेषेखाली. अंतर 70 फूट किंवा जास्त असलेले आठ आहेत, त्यातले सात रेषेच्या वर. `cor(cars$dist, resid(fit))` ने 0.59 दाखवलं. मी निष्कर्ष लिहिला: 'मॉडेल छोटी अंतरं फुगवून सांगतं आणि मोठी अंतरं कमी करून सांगतं, म्हणून रेषीय मॉडेल अयोग्य आहे.' वाचायला हे इतकं पटण्यासारखं होतं की मला शंकाच आली नाही.

मग दुरुस्तीच्या मागे लागले. रेषा अयोग्य असेल तर वक्र घालू, म्हणून वेगाच्या वर्गाचं पद जोडलं, `dist ~ speed + I(speed^2)`. आर-स्क्वेअर्ड 0.6511 वरून 0.6673 झालं. पुन्हा तोच आलेख काढला. तोच चढ. कोरिलेशन 0.59 चं 0.58 झालं, एवढंच. आणखी काय काय करून पाहिलं. चढ थोडा कमी व्हायचा, पण जायचा नाही. दोन दिवस गेले ते इथे.

तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या तासाला मॅडमना लॅपटॉप दाखवला. त्यांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "आडव्या अक्षावर काय घेतलंयस?"

"डिस्टन्स, मॅडम."

"प्रत्यक्षातलं की मॉडेलनं सांगितलेलं?"

"प्रत्यक्षातलं."

"मग मॉडेल अगदी बरोबर असतं तरी तुला हा चढ दिसलाच असता. मी सांगते म्हणून मानू नकोस. खरं उत्तर तुला माहीत आहे असा डेटा स्वतः तयार कर आणि त्यावर बघ."

त्यांनी सांगितल्याप्रमाणे तिथेच बसून हे लिहिलं:

```r
set.seed(1)
y  <- -17.6 + 3.93 * cars$speed + rnorm(50, sd = 15.4)
f2 <- lm(y ~ speed, data = cars)
plot(y, resid(f2))
plot(fitted(f2), resid(f2))
```

इथे `y` मी स्वतः सरळ रेषेवरून बनवलंय आणि त्यात सारख्या पसाऱ्याची नॉर्मल चूक मिसळलीय. म्हणजे या डेटासाठी रेषीय मॉडेल योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. तरी पहिल्या आलेखात तोच चढ दिसला, आणि दुसऱ्यात बिंदू शून्याच्या रेषेभोवती विखुरलेले. `set.seed` मधला आकडा बदलून दहा-बारा वेळा चालवलं. पहिल्या आलेखात दर वेळी चढ.

कारण ऐकल्यावर वाटलं, हे आधीच दिसायला हवं होतं. मॉडेलने सांगितलेल्या अंतराला फिटेड व्हॅल्यू म्हणतात, आणि प्रत्यक्ष अंतर म्हणजेच फिटेड व्हॅल्यू अधिक रेसिड्युअल. रेसिड्युअल हा स्वतःच त्या अंतराचा एक हिस्सा आहे. ज्या गाडीला योगायोगाने खूप जास्त अंतर लागलं, तिचा रेसिड्युअल मोठा आणि तिचं अंतरही मोठं, म्हणून ती आलेखात वर उजवीकडे जाऊन बसते. मी एका राशीचा आलेख तिच्याच एका तुकड्याशी काढत होते. गणितही लहान आहे. लीस्ट स्क्वेअर्समध्ये फिटेड व्हॅल्यू आणि रेसिड्युअल यांचं कोरिलेशन बरोबर शून्य असतं, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर आणि रेसिड्युअल यांचा कोव्हेरियन्स म्हणजे रेसिड्युअलचाच व्हेरियन्स. त्यातून कोरिलेशन निघतं 1 मधून आर-स्क्वेअर्ड वजा केल्यावर जे उरेल त्याचं वर्गमूळ. 1 − 0.6511 = 0.3489, आणि त्याचं वर्गमूळ 0.59. मी मोजलेला आकडा! त्यात माझ्या मॉडेलच्या आकाराबद्दल नवी माहिती काहीच नव्हती. आर-स्क्वेअर्डच दुसऱ्या वेशात समोर आलं होतं. वर्गाचं पद घालून 0.58 का झालं तेही कळलं: आर-स्क्वेअर्ड 0.6673, उरलं 0.3327, त्याचं वर्गमूळ 0.577. चढ पूर्ण घालवायचा असेल तर आर-स्क्वेअर्ड 1 व्हावं लागेल, म्हणजे प्रत्येक बिंदू रेषेवर.

आलेखाला अशी जागा हवी जिथे मॉडेल बरोबर असेल तर काहीच दिसू नये. फिटेड व्हॅल्यूचा अक्ष तशी जागा देतो. एकच व्हेरिएबल असेल तर `speed` घेतलं तरी चालतं, कारण फिटेड व्हॅल्यू म्हणजे वेगच, फक्त ताणलेला आणि सरकवलेला. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत ठळक करून ठेवलीय: योग्य अक्षावर चढ शोधायचाच नसतो, तो तिथे येऊच शकत नाही. `cor(fitted(fit), resid(fit))` काढलं तर दशांश चिन्हानंतर पंधराएक शून्यं येतात, आणि पुढे जे उरतं ते संगणकाच्या आकडेमोडीतलं पूर्णांकन. तिथे दोनच गोष्टी बघायच्या: बिंदूंना वाक आहे का, आणि त्यांचा पसारा एका बाजूला वाढतोय का.

म्हणून पुन्हा सुरुवात केली:

```r
plot(fitted(fit), resid(fit))
abline(h = 0, lty = 2)
plot(fit, which = 1)
```

तिसरी ओळ आरचा स्वतःचा तयार आलेख देते. त्यात बिंदूंमधून जाणारी एक गुळगुळीत लाल रेषा असते आणि सर्वांत मोठ्या तीन रेसिड्युअलशेजारी ओळींचे क्रमांक छापलेले असतात. माझ्या आलेखात 23, 35 आणि 49 होते.

आता खरोखर काहीतरी दिसत होतं, आणि दोन दिवस जे बघत होते त्याहून वेगळं. लाल रेषा डावीकडे शून्याच्या वर सुरू होऊन मध्ये खाली उतरते आणि उजवीकडे पुन्हा वर जाते. वेग 4 च्या दोन्ही बिंदूंचे रेसिड्युअल धन, आणि वेग 24 व 25 च्या पाच बिंदूंपैकी चार धन. म्हणजे मॉडेल दोन्ही टोकांना अंतर कमी सांगतं. पेन्सिलने गोल केलेलं उणे 1.85 फूट इथे जुळलं. तो आकडा याच वाकाचं डावं टोक होता.

दुसरं म्हणजे पसारा. वेग 12 पर्यंतच्या 15 ओळींचे रेसिड्युअल −15.6 ते 12.3 च्या आत आहेत. वेग 18 आणि त्यापुढच्या 19 ओळींचे −29.1 ते 43.2. पहिली रुंदी 28 फूट, दुसरी 72, म्हणजे अडीचपटीहून जास्त. पंखा उघडतो तसा आकार. 15.38 फूट हा एकच स्टँडर्ड एरर सगळ्या वेगांसाठी देणं इथे चुकतं: हळू गाड्यांसाठी तो जास्त आहे, वेगवान गाड्यांसाठी कमी. स्लोपचा 3.93 हा अंदाज त्याने एका बाजूला झुकत नाही, पण त्याच्या शेजारचा 0.4155 आणि त्यावरून काढलेला कॉन्फिडन्स इंटरव्हल यांच्यावर तेवढाच भरवसा ठेवता येत नाही.

या वाचनालाही मर्यादा आहे. बनवलेल्या डेटावर योग्य अक्षाचा आलेख मी दहा-बारा वेळा काढला होता, तेव्हा बिंदूंचा ओघ तिथेही कधी वाकायचा, कधी टोकाला उचलला जायचा. 50 बिंदूंत तेवढं होतंच. म्हणून नुसत्या वाकावर मी निकाल दिला नसता. पण पंख्याइतका उघडा पसारा त्या बनवलेल्या आलेखांत मला दिसला नव्हता, आणि वाकाला एक भौतिक कारणही होतं. चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत गाडी जे अंतर कापते ते वेगाच्या प्रमाणात वाढतं, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही मिळून सरळ रेषा बनत नाही.

मग वर्गाच्या पदाचं मॉडेल बरोबर होतं का? मी ते पुन्हा चालवलं आणि कोष्टक नीट वाचलं. वेग आणि वेगाचा वर्ग, दोघांपुढे एकही तारा नाही. पी-व्हॅल्यू 0.656 आणि 0.136. वेग 4 ते 25 या पट्ट्यात वेग आणि त्याचा वर्ग जवळजवळ एकत्रच वाढतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे डेटा सांगू शकत नाही. आणि पसाऱ्याचा प्रश्न तर त्याने सुटतच नाही. पंखा तसाच राहतो.

मॅडमनी सुचवलं की अंतराचं वर्गमूळ घेऊन बघ. अंतर ढोबळमानाने वेगाच्या वर्गासारखं वाढत असेल तर त्याचं वर्गमूळ वेगासारखं सरळ वाढेल, आणि वर्गमूळ मोठ्या आकड्यांना जास्त दाबतं म्हणून पंखाही मिटेल.

```r
fit2 <- lm(sqrt(dist) ~ speed, data = cars)
plot(fit2, which = 1)
```

इंटरसेप्ट 1.277, स्लोप 0.322, आर-स्क्वेअर्ड 0.7094. आलेखात लाल रेषा शून्याजवळ बरीच सपाट झाली. पसारा पुन्हा त्याच दोन गटांत मोजला: हळू गाड्यांचे रेसिड्युअल −1.53 ते 1.33, वेगवान गाड्यांचे −2.07 ते 2.09. रुंदी 2.9 आणि 4.2, म्हणजे अडीचपटीवरून दीडपटीवर. पंखा पूर्ण मिटला नाही, पण आता तो बनवलेल्या डेटातल्या चढउतारांहून वेगळा ओळखू येत नाही. वेग 4 ला मॉडेल 2.57 सांगतं, त्याचा वर्ग 6.6 फूट. डेटातल्या दोन गाड्या 2 आणि 10 फुटांवर थांबल्या होत्या. उणे अंतर गेलं.

इथे मी जवळपास दुसरी चूक केली होती. 0.65 वरून 0.71, म्हणून दुसरं मॉडेल चांगलं, असं वाक्य लिहून झालं होतं. ते खोडलं. पहिलं आर-स्क्वेअर्ड अंतरातला फरक किती समजावला हे सांगतं, दुसरं अंतराच्या वर्गमुळातला. मोजायची राशीच वेगळी आहे, त्यामुळे ते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. 15.38 आणि 1.102 या स्टँडर्ड एररचंही तेच. एक फुटांत आहे, दुसरा फुटांच्या वर्गमुळात. दुसरं मॉडेल मी निवडलं ते रेसिड्युअलच्या आलेखावरून, आणि अहवालात कारण म्हणून तेवढंच दिलं. वर्ग करून फुटांत परत येताना एक सावधगिरी लागते. वर्गमुळाच्या सरासरीचा वर्ग हा अंतराच्या सरासरीपेक्षा कमी असतो, आणि कमी नेमका मॉडेलमधल्या एररच्या व्हेरियन्सइतका. इथे 1.102 चा वर्ग, म्हणजे सुमारे 1.2 फूट. वेग 20 साठी मॉडेल 7.73 देतं, वर्ग 59.7, सरासरी अंतर हवं असेल तर त्यात 1.2 मिळवून 60.9 लिहायचं.

ओळ 23 मात्र वर्गमूळ घेऊनही बाहेरच राहिली. वेग 14, अंतर 80 फूट. त्याच वेगाच्या बाकी तीन गाड्या 26, 36 आणि 60 फुटांवर थांबल्या होत्या. तिचा रेसिड्युअल 3.15, म्हणजे स्टँडर्ड एररच्या जवळपास तिप्पट. माझ्या जोडीदारीण मैत्रिणीचं म्हणणं होतं की ती ओळ काढून टाकू, आलेख स्वच्छ दिसेल. मी नाही म्हटलं. ब्रेक खराब होता, रस्ता ओला होता की आकडा चुकून लिहिला गेला, हे या डेटावरून कळायला मार्ग नाही, आणि काढायला कारण नसताना काढलेल्या ओळीमुळे उरलेला पसारा खऱ्यापेक्षा लहान दिसतो. आम्ही ती ठेवली आणि तिच्याबद्दल दोन वाक्यं लिहिली.

शेवटच्या परिच्छेदात वहीतली पहिली नोंद वापरली: हे मॉडेल 1920च्या दशकातल्या गाड्यांचं आहे आणि 4 ते 25 मैल प्रतितास एवढ्याच वेगांसाठी आहे. सोबत तीन आलेख जोडले. पहिला सरळ मॉडेलचा फिटेड व्हॅल्यूशी, दुसरा वर्गमूळ मॉडेलचा, आणि तिसरा प्रत्यक्ष अंतराशी काढलेला तो चुकीचा आलेख, त्याखाली 0.59 कुठून येतो त्याचं तीन ओळींचं गणित. असाइनमेंट परत आली तेव्हा मॅडमनी तिसऱ्या आलेखाशेजारी लिहिलं होतं, 'हा पुढच्या तासाला फळ्यावर करून दाखव.'